गुणगुण जावी, खर्ज राहावा

एक नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. लालबागमधलं एक छोटं ऑफिस, मे महिन्यातली दुपार, समोर गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा. वय पंचाहत्तरच्या आसपास, आवाज भरदार, खालच्या पट्टीतला. बोलता बोलता थांबून आठवायची सवय. खिडकी उघडावी तर रस्त्यावरचे हॉर्न, पंखा लावावा तर माइकवर वारा. म्हणून दारं-खिडक्या बंद करून एसी चालू ठेवलेला. मुलाखत घेणारी मुलगी तासभर समोर बसली होती, पण एसीकडे तिचं लक्षसुद्धा गेलं नाही. रात्री घरी हेडफोन लावला, तर आजोबांच्या पहिल्या शब्दाआधीच तो ऐकू आला. एकसुरी, सलग गुणगुण, मुलाखत संपेपर्यंत.

अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच ती करते. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडते आणि गुणगुण ‘खालच्या’ आवाजाची आहे म्हणून खालचा सगळा भागच कापून टाकते. `High-Pass Filter` मध्ये ३०० हर्ट्झचा आकडा घालते. तरी मागे थोडी सळसळ उरते, म्हणून `Noise Reduction` उघडून ३० डेसिबलचा हात मारते. एसी खरंच गेलेला असतो. पण आजोबाही गेलेले असतात. उरलेला माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं.

गंमत अशी की हे तिच्या लगेच लक्षात येत नाही. शब्द सगळे स्पष्ट ऐकू येतात, उलट आधीपेक्षा जास्तच. यामागचं कारण टेलिफोनने शंभर वर्षं वापरलेलं आहे. साध्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, बाईचा साधारण १६५ ते २५५. म्हणजे फोनवर कुणाचाच मूळ स्वर पलीकडे पोहोचत नव्हता. तरी वडिलांचा फोन आहे की आईचा हे कळायचंच, कारण मूळ स्वराच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर पोहोचत होते आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू गहाळ झालेला खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून ३०० च्या खाली सगळं कापलं तरी माणूस ओळखू येतो, वाक्य समजतं. जातो तो खर्ज. त्या माणसाचं वय, अंगाची जडणघडण, तो जवळ बसून बोलतोय ही जाणीव, यातलं बरंचसं १०० ते ३०० हर्ट्झमध्ये असतं. आणि एसीची गुणगुणही नेमकी त्याच गल्लीत राहते.

म्हणून आधी एसीचा आवाज म्हणजे नक्की काय, हे पाहावं लागतं. तो एक आवाज नाही. निदान तीन वेगवेगळे आवाज एकात एक मिसळलेले असतात, आणि तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

पहिला कॉम्प्रेसरच्या फिरण्याचा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालतो. त्यातली मोटर बहुधा दोन ध्रुवांची असते. कागदावर तिने मिनिटाला ३००० फेरे घ्यायला हवेत, पण या जातीची मोटर भाराखाली नेहमी थोडी मागे पडते आणि फेरे २८५० ते २९०० च्या घरात राहतात. सेकंदाचा हिशेब केला तर ४८ हर्ट्झच्या आसपास. बाल्कनीच्या कठड्याला ठोकलेलं आउटडोअर युनिट हा थरथराट भिंतीत सोडतं, भिंतीतून तो टेबलात येतो आणि टेबलावर ठेवलेल्या माइकच्या स्टँडमधून वर चढतो. कानाला तो फारसा ऐकू येत नाही, छातीत जाणवतो.

दुसरा आवाज विजेचा. मोटरमधल्या लोखंडाला चुंबक प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतो, म्हणून ५० च्या विजेवर १०० हर्ट्झचा स्वर निघतो आणि त्याच्या पटीतले २००, ३०० असे पुढचे. ज्याला लोक ‘गुणगुण’ म्हणतात तो खरा हाच. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ४८ हर्ट्झ तर सोडाच, १०० सुद्धा जेमतेम वाजतो. मोबाइलवर मुलाखत ऐकणाऱ्याला जी गुणगुण ऐकू येते ती २०० आणि ३०० ची असते.

तिसरा आवाज हवेचा. आतल्या युनिटचा ब्लोअर हवा ढकलतो, ती पट्ट्यांवर घासून बाहेर येते, तेव्हा सळसळ होते. या सळसळीला एक स्वर नाही. ती खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेली असते, वर जाताना हळूहळू विरळ होत जाते. ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं वरच्या पट्ट्यात, साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या भागात राहतात, आणि तिथेही ती थोडीफार पोहोचते.

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रयत्नात काय चुकलं ते दिसतं. ४८ हर्ट्झवरचा इलाज तिने ३०० पर्यंत ताणला आणि सळसळीवरच्या इलाजाचा मारा इतका केला की त्यात व्यंजनंही गेली. तिन्ही आवाजांवर थोडं थोडं, प्रत्येकावर त्याच्या त्याच्या हत्याराने काम केलं, तर आजोबांना धक्का लागत नाही.

कामाला हात लावण्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवायची. कारण फक्त जपणूक नाही. मागची विजेची गुणगुण हा कधीकधी पुरावा असतो. विजेची आवर्तनं कधीच अचूक ५० नसतात; मागणी-पुरवठ्याप्रमाणे क्षणाक्षणाला किंचित वर-खाली होतात आणि तो चढउतार एका ग्रिडवर सगळीकडे एकसारखा असतो. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या प्रयोगशाळेने २००५ च्या सुमारापासून तिथल्या विजेची गुणगुण अखंड नोंदवून ठेवली आहे. एखादं रेकॉर्डिंग कधीचं आहे आणि मधे कापाकापी झाली आहे का, हे त्या नोंदीशी ताडून पाहता येतं. गिरणी कामगाराच्या आठवणींवर असली वेळ येईल असं नाही, पण तोंडी इतिहासाच्या संग्रहात मूळ फाइल न धुतलेलीच राहावी.

मग प्रतीवर काम सुरू. आधी कान नाही, डोळे वापरायचे. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूमधून स्पेक्ट्रोग्राम निवडला की वेळ आडवी आणि स्वराची उंची उभी अशी रंगीत पट्टी दिसते. आजोबांचं बोलणं त्यात वर-खाली हलणाऱ्या वळणदार रेषांचं दिसतं. एसीचे स्वर मात्र पट्टीने ओढल्यासारखे सरळ, आडवे. या चित्रात आणखी एक गोष्ट ताबडतोब सापडते. खोली गार झाली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो. खालच्या आडव्या रेषा काही मिनिटं चालतात, तुटतात, पुन्हा सुरू होतात. वरची सळसळ मात्र अखंड असते, कारण ब्लोअर थांबत नाही. रेषा जिथे तुटतात तिथे खुणा करून ठेवाव्यात. याचा उपयोग पुढे होतो.

नंतर आजोबा आठवण्यासाठी थांबले आहेत अशी एक जागा शोधायची, कॉम्प्रेसर चालू असतानाची. दोन-तीन सेकंद पुरतात, पण त्यात श्वास, खुर्चीची करकर, चहाच्या कपाचा आवाज यातलं काहीही नको. तेवढा तुकडा निवडून `Analyze` मधून `Plot Spectrum` उघडलं की एसीचा आलेख समोर येतो. इथे `Size` नावाचा एक आकडा असतो, तो मोठा ठेवावा लागतो. ४८,००० च्या सॅम्पल रेटला २०४८ चा आकार घेतला तर आलेखातलं प्रत्येक घर २३ हर्ट्झ रुंद होतं. त्यात ४८ आणि ५० वेगळे दिसणारच नाहीत. तोच आकार ३२,७६८ केला की घर दीड हर्ट्झचं होतं आणि शिखरं सुटी होतात.

आपल्या उदाहरणात समजा आलेखात चार शिखरं दिसली: ४८, १००, २०० आणि ३००. पुढे ४००, ५०० लाही बारीक उंचवटे आहेत, पण ते सळसळीच्या रेषेच्या जेमतेम वर डोकावतात. त्यांना हात लावायचा नाही. इथे मोह फार होतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की विजेची गुणगुण शंभराच्या पटीत असते, म्हणून लोक दोन हजारापर्यंत ओळीने वीस खड्डे पाडतात. तेवढे खड्डे पडले की आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, आणि ज्या स्वरांसाठी हे केलं ते ऐकूही येत नव्हते.

पहिलं शिखर ४८ चं. ते आजोबांच्या आवाजाच्या बरंच खाली आहे, म्हणून तिथे `High-Pass Filter` निर्धास्तपणे चालतो. फक्त आकडा ३०० नाही, ७०. आणि उतार तीव्र, म्हणजे `Roll-off` मध्ये २४ डेसिबल. याचा हिशेब करून पाहिला तर मन निश्चिंत होतं: या मापाने ४८ हर्ट्झचा थरथराट सुमारे १३ डेसिबलने खाली जातो आणि १०० हर्ट्झवर आजोबांचं नुकसान होतं ते पाव डेसिबल. पाव डेसिबल कुणालाच ऐकू येत नाही. बोलणारी बाई असेल आणि तिचा आवाज मूळचाच चढा असेल, तर हाच आकडा १०० पर्यंतही नेता येतो. पण आधी तिच्या बोलण्याचा एखादा तुकडा निवडून तोच आलेख काढावा आणि तिचा सगळ्यात खालचा स्वर कुठे आहे ते पाहून ठरवावं. ‘पुरुषाला ८०, बाईला १२०’ अशी ठोकळेबाज पद्धत प्रचलित आहे. ती बऱ्याचदा चालते आणि कधीकधी एखाद्या भारदस्त आवाजाच्या आत्याबाईंना शाळकरी करून टाकते.

पुढची तीन शिखरं मात्र थेट आजोबांच्या अंगणात आहेत. १०० हर्ट्झ हा त्यांचा मूळ स्वरच असू शकतो. इथे लागतो `Notch Filter`, म्हणजे एकाच जागी अरुंद, खोल खड्डा पाडणारा फिल्टर. त्यात दोन आकडे असतात: स्वर कोणता, आणि `Q`, म्हणजे खड्डा किती अरुंद. स्वराला `Q` ने भागलं की खड्ड्याची रुंदी मिळते. १०० हर्ट्झला `Q` ३० ठेवला तर रुंदी सव्वातीन हर्ट्झच्या आसपास. खिडकी उघडते तेव्हा मात्र तिथे ६० आणि १ असे आकडे आधीच भरलेले असतात. ६० हा अमेरिकेतल्या विजेचा आकडा, आणि १ म्हणजे खड्ड्याची रुंदी स्वराएवढीच. कुणी फक्त ६० खोडून १०० लिहिलं आणि `Q` तसाच ठेवला, तर साधारण ६२ पासून १६२ पर्यंतचा सगळा भाग खचतो. पुरुषाच्या आवाजाचा पायाच तो. ‘मी तर फक्त गुणगुण काढली, तरी आवाज पातळ का झाला?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा या एका न बदललेल्या आकड्यात असतं.

अरुंद खड्ड्यात आजोबांचा स्वरही पडणार नाही का? पडतो, पण क्षणभरच. बोलणाऱ्या माणसाचा स्वर एका जागी उभा राहत नाही. एका वाक्यात तो वीस-तीस हर्ट्झ सहज वर-खाली फिरतो. सव्वातीन हर्ट्झचा खड्डा तो ओलांडून जातो, आणि त्याच वेळी वरचे सगळे स्वर जागेवर असल्यामुळे कानाला काही जाणवत नाही. एसीचा स्वर मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो पुरता त्यात अडकतो. हा फरकच या सगळ्या पद्धतीचा आधार आहे. अपवाद आहे तो अगदी एकसुरी बोलणाऱ्यांचा, किंवा पोथी वाचल्यासारखं एका पट्टीत सांगणाऱ्यांचा. तिथे पूर्ण खड्ड्याऐवजी `Filter Curve EQ` मध्ये त्या जागी आठ-दहा डेसिबलचा अरुंद उतार देणं बरं.

तर १००, २०० आणि ३०० वर तीन खड्डे. इथेही डोळ्यांनी पाहिलेला आकडाच घालायचा, पुस्तकातला नाही. फेऱ्यांचा स्वर ४८ वर आहे आणि कुणी ‘विजेचा म्हणून ५०’ असं धरून ३० च्या `Q` ने ५० वर खड्डा पाडला, तर त्याची रुंदी पावणेदोन हर्ट्झसुद्धा नसते. ४८ चा स्वर बाजूने आरामात निघून जातो, आणि फिल्टर लावूनही काहीच का फरक पडला नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

इतकं झाल्यावर एकदा ऐकून पाहावं. गुणगुण गेलेली असते, आजोबा जसेच्या तसे असतात आणि मागे फक्त हवेची सळसळ उरते. पुष्कळ मुलाखतींमध्ये इथेच थांबलेलं चांगलं. पण सळसळ जास्त असेल तर तिसरं हत्यार काढावं लागतं, आणि सगळ्यात जपून वापरायचं हत्यार तेच आहे.

`Noise Reduction` ज्या कल्पनेवर चालतं ती बरीच जुनी. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या स्टीव्हन बॉल यांनी १९७९ मध्ये ती मांडली, आणि त्यांच्यासमोर प्रश्न होता हेलिकॉप्टरमधल्या बोलण्याचा. कल्पना साधी आहे. कुणी बोलत नसताना नुसत्या गोंगाटाचा नमुना घ्यायचा, तो प्रत्येक स्वरपट्ट्यात किती आहे हे मोजायचं, आणि मग बोलण्यातून तेवढा वजा करायचा. अडचण वजाबाकीत आहे. गोंगाट सरासरीने स्थिर असला तरी क्षणाक्षणाला डळमळतो. वजा केल्यावर कुठे कमी पडतं, कुठे जास्त, आणि मागे सुट्या स्वरांचे कण उरतात. ते इकडेतिकडे चमकल्यासारखे वाजतात. ध्वनितज्ज्ञ याला ‘म्युझिकल नॉइज’ म्हणतात. नाव गोड असलं तरी ऐकायला ते सळसळीपेक्षा वाईट. सळसळीला कान दोन मिनिटांत सरावतो, या किणकिणीला नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बरीच आटोक्यात आली आहे, पण ३० डेसिबल मागितले की हजर होतेच.

मग किती मागावं? सहा ते दहा डेसिबल. हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कंजूषपणा वाटतो. पण माणूस बोलत असताना त्याचा आवाजच सळसळीला झाकून टाकतो. ती ऐकू येते मुख्यतः शब्दांच्या मधल्या फटीत. तिथे ती दहा डेसिबलने उतरली तर कानाला जवळपास निम्मी वाटते. समजा आजोबांच्या बोलण्याची पातळी उणे २४ डेसिबल आहे आणि थांबल्यावरची उणे ४८. खड्डे पाडून आणि आठ डेसिबल उतरवून ती फट उणे ५८ पर्यंत गेली, तरी ऐकणाऱ्याला खोली शांतच वाटेल. तिला पूर्ण मुकी करायला गेलं की वेगळाच त्रास सुरू होतो. आजोबा बोलायला लागले की त्यांच्यामागे एसी उगवतो, थांबले की मावळतो. सलग चालणारा एसी कुणी ऐकत नाही. प्रत्येक वाक्याबरोबर ये-जा करणारा एसी सगळ्यांना ऐकू येतो.

नमुना घ्यायचा तो आधीच्या फिल्टरांनंतर, हे महत्त्वाचं. आधी घेतला तर त्यात १०० आणि २०० ची शिखरं असतात, आणि सॉफ्टवेअर त्या पट्ट्यांमध्ये आजोबांच्या आवाजावरही हात फिरवतं. खड्डे पाडून झाल्यावर कॉम्प्रेसर चालू आणि बंद या दोन अवस्थांमधला फरकही बहुतेक संपलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला केलेल्या खुणांपाशी दोन्ही बाजूंची फट ऐकून पाहायची. सारखी वाटली तर एकच नमुना सगळ्या मुलाखतीला चालतो. नाही वाटली तर प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्यायचा. त्या दोन-तीन सेकंदांवर `Get Noise Profile` दाबायचं, मग पूर्ण ट्रॅक निवडून ८ डेसिबल, `Sensitivity` चार-पाच आणि `Frequency smoothing` तीन ते सहा. `Sensitivity` वाढवली की संशय येईल ते सगळं गोंगाट ठरतं, आणि हळू बोललेले शब्द पहिले बळी जातात.

आपण किती कापलं हे कळण्याची एक खात्रीची खूण त्याच खिडकीत आहे, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक ती वापरतात. `Reduce` च्या शेजारी `Residue` असा पर्याय असतो. तो निवडला की काय उरलं ते नाही, काय काढून टाकलं ते ऐकू येतं. त्यात नुसती हवा वाहत असेल तर सगळं ठीक. त्यात आजोबा कुजबुजत असतील, शब्द ओळखू येत असतील, तर तो आवाज मुलाखतीतून चोरलेला आहे. `Sensitivity` एक-दोन पायऱ्या खाली आणून पुन्हा ऐकायचं. कुजबुज थांबेपर्यंत.

मराठी मुलाखत तपासताना कान कुठे लावायचा हेही ठरलेलं आहे. आपली वाक्यं बहुधा ‘आहे’, ‘होतं’, ‘गेलो’ अशा क्रियापदावर संपतात आणि शेवटी आवाज उतरतो. म्हातारी माणसं तर ‘होतं’ मधला ‘तं’ जवळजवळ गिळतात. नॉइज रिडक्शन जास्त झालं की हीच शेपटी पहिल्यांदा तुटते. दुसरी जागा महाप्राण व्यंजनांची. ‘भाऊ’, ‘घर’, ‘धोतर’, आणि त्याहून नाजूक म्हणजे ‘म्हणून’, ‘न्हाणी’, ‘कोल्हा’. त्यातला ‘ह’ म्हणजे हलका श्वास, आणि श्वास सळसळीसारखाच असल्यामुळे यंत्राला तो गोंगाट वाटू शकतो. ‘म्हणून’ चं ‘मणून’ ऐकू यायला लागलं की मर्यादा ओलांडली. इंग्रजीतल्या शिकवण्या ‘एस’ आणि ‘टी’ ऐका म्हणतात. तेही ऐकावं, पण मराठीची ही ठिकाणं त्या सांगत नाहीत.

तुलना करताना आणखी एक फसगत टाळायची. खालचे स्वर कमी केले की फाइल एकंदरीत किंचित हळू होते, आणि दोन आवाजांपैकी मोठा असेल तोच कानाला जास्त भरदार वाटतो. मूळ फाइल आणि स्वच्छ केलेली फाइल आळीपाळीने ऐकायच्या तर बोलण्याची पातळी दोन्हीकडे सारखी करूनच. नाहीतर जे झालं नाही ते नुकसान झाल्यासारखं वाटतं, आणि माणूस १५० हर्ट्झला उगाच उठाव देऊन बसतो. त्या उठावाबरोबर उरलीसुरली गुणगुणही वर येते. ऐकायचं ते कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज राहिला की गेला हे समजणारच नाही, कारण तो तिथे वाजतच नाही.

क्रमही पाळावा लागतो. आवाजाचे चढउतार सारखे करणारा ऑडिओ कॉम्प्रेसर (एसीतल्या कॉम्प्रेसरशी याचा नावापलीकडे संबंध नाही) पुष्कळ जण आधीच लावून टाकतात. तो मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, म्हणजे शब्दांमधली फटही. त्याने सहा डेसिबल उचलले की आठ डेसिबलची कमाई दोनवर येते. म्हणून आधी सफाई, मग कॉम्प्रेसर, आणि मग पुन्हा एकदा फटी ऐकायच्या. अपुरं वाटलं तर मागे जाऊन आठाचे दहा करायचे.

हे सगळं चालतं ते एसी एका चालीने चालला तरच. इन्व्हर्टर एसीची गोष्ट वेगळी. त्याचा कॉम्प्रेसर खोलीच्या गरजेप्रमाणे वेग बदलत राहतो, त्यामुळे स्पेक्ट्रोग्राममधल्या रेषा आडव्या नसून हळूहळू चढतात-उतरतात. एका जागी पाडलेला खड्डा तिथे दोन मिनिटांत निरुपयोगी होतो. अशा मुलाखतीचे, रेषा जिथे जिथे सरळ आहेत त्याप्रमाणे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे आकडे द्यावे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे, आणि दर वेळी तेवढं मोल त्यात असतंच असं नाही. रेषा फार हलत असतील तर ७० चा हाय-पास आणि आठ डेसिबलची सफाई एवढ्यावर समाधान मानून थोडी गुणगुण राहू द्यावी.

काही नुकसान भरून येतच नाही. माइक आजोबांपासून दोन फुटांवर टेबलावर होता, तोच अर्ध्या फुटावर आणला असता तर त्यांचा आवाज साधारण बारा डेसिबलने वाढला असता आणि एसी तिथेच राहिला असता. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल, या साध्या नियमाने. बारा डेसिबल निखळ मिळवून देणारं सॉफ्टवेअर नाही. स्टँडखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला असता तर भिंतीतून येणारा ४८ चा थरथराटही बराच वाटेतच अडला असता.

आणि मुलाखत संपल्यावर, आजोबा उठण्याआधी, सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून एसी चालू असतानाची खोली रेकॉर्ड करून घ्यावी. नॉइज रिडक्शनसाठी स्वच्छ नमुना त्यातून मिळतोच, पण त्याचा खरा उपयोग संपादनात होतो. मधला एखादा प्रश्न कापला किंवा खोकला काढला की त्या जागी निर्जीव शांततेचं भोक पडतं आणि मागची सळसळ तुटल्याचं लगेच कळतं. मुलाखतीवर जे जे फिल्टर लावले तेच सगळे, त्याच आकड्यांनी, या अर्ध्या मिनिटावर लावायचे आणि त्यातले दोन-तीन सेकंद त्या भोकात बसवायचे. दोन्ही टोकांना पाव सेकंदाचा फेड दिला की जोड सापडत नाही.